बढती मिळाली, अर्ज मात्र कायम

नोकरी बदलण्याचा निर्णय आपण घेतो तेव्हा जुन्या नोकरीतले घड्याळ थांबत नाही. आपण दुसरीकडे मुलाखती देत असतो आणि इकडे वर्ष संपते, अप्रेझल होते, पत्रे वाटली जातात. मग एखाद्या दिवशी अशी बातमी येते की जिचा आनंद मानावा की काळजी करावी हे कळत नाही. गेल्या एप्रिलमध्ये मला बढती मिळाली. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीतला माझा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता आणि ती नोकरी मला मनापासून हवी होती. ही बढती तिकडे सांगायची का, कधी आणि कोणत्या शब्दांत, यावर घरात आणि मित्रांत बरीच चर्चा झाली. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो आहे, कारण दरवर्षी एप्रिल ते जुलै या काळात हा प्रश्न अनेकांना पडतो.

आधी परिस्थिती सांगतो. मी राहतो कोंढव्यात आणि नोकरी चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. कंपनीची बस सकाळी सहाला पकडायची आणि संध्याकाळी घरी पोचायला साडेसात-आठ. अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, एकेका वेळेला चार-चार तास. त्यांना न्यायला-आणायला माझा धाकटा भाऊ आणि माझी बायको असतात, मी नसतो. हडपसरच्या एका कारखान्यातली जागा निघाली तेव्हा म्हणूनच अर्ज केला. पण फक्त जवळ आहे म्हणून नाही. चाकणला माझे काम ग्राहकाच्या तक्रारी आल्यावर सुरू होते. खराब माल वेगळा काढा, कारण शोधा, एट-डी रिपोर्ट भरा. हडपसरला नवा पार्ट कागदावर असल्यापासून त्याच्या गुणवत्तेचे काम होते. दहा वर्षे दुसऱ्याने केलेली चूक शोधल्यावर ती होण्याआधी तिथे हजर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

अर्ज फेब्रुवारीत केला, एका कन्सल्टन्सीमार्फत. कंपनीच्या फॉर्ममध्ये पद लिहिले सीनियर इंजिनिअर, वार्षिक पगार ९,६०,०००, अपेक्षा १२,००,०००, नोटीस पीरियड ६० दिवस. खाली नेहमीचे वाक्य होते, की दिलेली माहिती खरी असून ती चुकीची आढळल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. त्याखाली माझी सही. मार्चमध्ये तांत्रिक मुलाखत झाली आणि ४ एप्रिलला प्लांट हेडची. ९ एप्रिलला आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले की तुमचे नाव असिस्टंट मॅनेजरसाठी गेले आहे, अभिनंदन.

त्या दिवशी मी हडपसरला काहीही कळवले नाही. तोंडी बढती ही बढती नसते. नाव वर जाते, तिथे बजेट अडते, हुद्दा मिळतो पण ग्रेड तीच राहते, किंवा लागू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. अशी बातमी आधी देऊन पंधरा दिवसांनी तीच मागे घ्यावी लागली, तर समोरच्याला वाटते की हा माणूस भाव वाढवायला काहीही सांगतो. पत्र हातात येईपर्यंत थांबावे. मात्र याला एक अपवाद आहे. समोरची कंपनी दोन-चार दिवसांत आकडा सांगणार असेल, तर पत्राची वाट पाहू नये. बढती जाहीर झाली आहे, पत्र यायचे आहे, आले की तपशील कळवतो, एवढे सांगून ठेवावे. कारण ऑफरचा आकडा ठरण्याआधी सांगितलेली बढती ही माहिती असते आणि आकडा ठरल्यावर सांगितली तर ती घासाघीस वाटते. बातमी एकच, पण वेळेमुळे तिचा अर्थ बदलतो.

पत्र १६ एप्रिलला मिळाले, १ एप्रिलपासून लागू. अशी पत्रे आपण पहिल्या पानावरचा आकडा पाहून घडी घालतो. मी ते रात्री जेवणानंतर नीट वाचले आणि त्यात तीन गोष्टी सापडल्या.

पहिली पगाराची. वार्षिक पगार ९,६०,००० वरून ११,०४,००० झाला होता, म्हणजे १५ टक्के वाढ. पण दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात खरी गोष्ट होती. आधी माझ्या पगारातला १० टक्के भाग कामगिरीवर अवलंबून होता, आता १५ टक्के. म्हणजे नक्की मिळणारा भाग ८,६४,००० वरून ९,३८,४०० झाला. वाढलेल्या १,४४,००० पैकी ७४,४०० खात्रीचे आणि ६९,६०० कंपनीचा नफा आणि माझे रेटिंग यांवर. खात्रीच्या पगारातली वाढ साडेआठ टक्क्यांच्या आसपास. पंधरा हा आकडा खोटा नव्हता, पण घरखर्चाच्या वहीत तो पंधरा दिसणार नव्हता.

दुसरी नोटीस पीरियडची. असिस्टंट मॅनेजरपासून वर तो ९० दिवस. ही ओळ बढतीच्या पत्रात बहुतेक वेळा शेवटी असते आणि कुणी वाचत नाही. माझ्या अर्जासाठी मात्र ती पगारापेक्षा महत्त्वाची होती. प्लांट हेडने मुलाखतीत सांगितले होते की ऑक्टोबरमध्ये त्यांचे आयएटीएफ ऑडिट आहे आणि माणूस त्याआधी रुळलेला हवा. ६० चे ९० दिवस झाले की त्यांचे सगळे गणित बदलते.

तिसरी गोष्ट म्हणजे जे पत्रात नव्हते ते. काही पत्रांत एकरकमी रक्कम देतात आणि ठरावीक महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ती परत द्यावी लागेल अशी अट घालतात. माझ्या पत्रात तशी अट नव्हती. असती तर तीही कळवण्याच्या यादीत गेली असती, कारण नवी कंपनी कधी कधी ती रक्कम भरून देते, पण तिला आधी माहीत असेल तरच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कन्सल्टन्सीतल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, अभिनंदन, पण आत्ता काही बोलू नका. ऑफर येऊ द्या, मग आपण सांगू. नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही आता येणार नाही." त्याचा सल्ला वाईट हेतूने नव्हता. पण त्याची जागा ओळखून तो ऐकायला हवा. कन्सल्टन्सीला तिची फी उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळते, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी. फाइल पुढे सरकत राहावी आणि मध्ये कुणी प्रश्न विचारू नयेत हे त्याच्या फायद्याचे असते. सही मात्र त्याची नसते, आपली असते.

आणि बातमी दडवली तरी ती दडत नाही. ऑफरच्या वेळी गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. मे महिन्यात त्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या असणार, म्हणजे दोन जुन्या आकड्याच्या आणि एक नव्या. शेवटचे वाढीचे पत्र मागतात. रुजू झाल्यावर पडताळणी होते तेव्हा जुन्या कंपनीला शेवटचे पद विचारतात आणि रिलीव्हिंग लेटरवरही तेच पद असते. फॉर्मवर सीनियर इंजिनिअर आणि रिलीव्हिंग लेटरवर असिस्टंट मॅनेजर, असे दिसले की खुलासा मागितला जातो. हा फरक आपल्या बाजूने असला तरी पडताळणी करणाऱ्याच्या तक्त्यात तो न जुळणारा रकानाच असतो. नोटीस पीरियड तर राजीनामा दिला त्या दिवशी उघड होतो. जिथे पत्र जुलैत मिळते आणि वाढ एप्रिलपासून लागू होते, तिथे एक गुंता आणखी असतो. मागची थकबाकी एकाच महिन्यात येते, त्या स्लिपवरचा आकडा फुगलेला दिसतो आणि बाकीच्या स्लिपांशी जुळत नाही. तेव्हा स्लिपेसोबत पत्राची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा आपणहून द्यावा.

मी त्याला म्हणालो, "फॉर्म माझ्या सहीचा आहे, तर दुरुस्तीही माझ्याकडूनच जाऊ दे. मेल तुम्हाला पाठवतो, तुम्ही तो तिकडे पुढे पाठवा. आणि एचआर मॅडमनी मला थेट मेल केलेला आहे, म्हणून त्यांनाही प्रत ठेवतो." अर्ज कन्सल्टन्सीमार्फत असेल तर तिला वगळून थेट कंपनीला लिहू नये, त्यात दोघांचाही विश्वास जातो. पण फक्त तोंडी सांगून तिच्यावर सोडूही नये.

संध्याकाळी बसमध्ये मेलचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. रिक्रूटरला बढतीची बातमी आवडत नाही असे नाही, तिला तिच्यामागची शक्यता आवडत नाही. हा माणूस आमची ऑफर घेऊन आपल्या साहेबांकडे जाईल, तिकडे आणखी पगार वाढवून घेईल आणि रुजू व्हायच्या आठवड्यात फोन उचलणार नाही, असे तिने अनेकदा पाहिलेले असते. म्हणून बढती कळल्यावर तिचा पहिला प्रश्न हाच असतो, की मग आता नोकरी कशाला बदलता?

याचे उत्तर खरे तर पहिल्याच मुलाखतीत ठरलेले असते. नोकरी का सोडता, या प्रश्नाला सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त दिले जाणारे उत्तर म्हणजे 'इथे वाढ नाही'. हे उत्तर दिलेले असले आणि दोन महिन्यांनी बढती मिळाली, की ते कारणच संपते. मग कितीही उत्साह दाखवला तरी समोरच्याला तो पोकळ वाटतो. अशा वेळी नवे कारण शोधून काढण्यापेक्षा सरळ सांगावे, की पद वाढले, तो अडसर दूर झाला, पण काम तेच आहे आणि मला तुमच्याकडचे काम करायचे आहे. अर्थात ते खरे असेल तरच. स्वतःला विचारून उत्तर मिळत नसेल, तर कदाचित बढतीनेच आपला प्रश्न सुटलेला असतो आणि अर्ज मागे घेणे हेच बरे. मी पहिल्या फोनमध्ये तक्रारीनंतरच्या कामातून विकासाच्या कामात यायचे आहे असे सांगितले होते. बढतीने ते बदलले नव्हते. तेच एट-डी रिपोर्ट, फक्त आता चार जणांनी भरलेल्या रिपोर्टांवर माझी सही.

मेल इंग्रजीत होता. मराठीत त्याचा मजकूर साधारण असा:

"फेब्रुवारीत भरलेल्या फॉर्ममधील माझ्या माहितीत बदल झाला आहे, तो कळवत आहे. १ एप्रिलपासून माझे पद असिस्टंट मॅनेजर आहे. वार्षिक पगार ११,०४,००० असून त्यापैकी ९,३८,४०० निश्चित आणि १,६५,६०० कामगिरीवर आधारित आहेत. नोटीस पीरियड ६० ऐवजी ९० दिवस आहे. पत्राची प्रत हवी तेव्हा देईन. आपल्याकडील जागेबद्दल माझी इच्छा पूर्वीसारखीच आहे. बढतीनंतरही माझे काम ग्राहकांच्या तक्रारींचेच आहे आणि प्लांट हेड यांच्याशी बोलणे झाले ते नव्या पार्टच्या विकासाचे काम मला करायचे आहे. या बदलामुळे जागेची पातळी, पगाराची मर्यादा किंवा रुजू होण्याची तारीख यात अडचण येत असेल, तर कृपया आत्ताच सांगावे."

मेलमध्ये जे नव्हते तेही मुद्दाम सांगतो. नवा अपेक्षित पगार मी लिहिला नाही. माहिती दुरुस्त करणे आणि मागणी वाढवणे ही दोन कामे एकाच कागदात केली, की पहिले काम दुसऱ्याचा बहाणा वाटते. जुनी अपेक्षा १२,००,००० ची होती. नव्या पगारावर ती जेमतेम पावणेनऊ टक्के वाढ होते, हे एचआरला स्वतःलाच दिसते. त्या विचारतील तेव्हा बोलायचे. अब्बांच्या आजाराचाही उल्लेख केला नाही. ती माझी निकड होती, त्यांच्यासाठी ते मला घेण्याचे कारण नव्हते. आणि शेवटचे वाक्य मला सर्वांत गरजेचे वाटले होते. त्यामुळे समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. ज्याला खरेच यायचे आहे तो अडचण आत्ता ऐकून घ्यायला तयार असतो.

तो आठवडा घरी जड गेला. अब्बा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, एका खात्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी एकदाच विचारले, "बेटा, बढती घ्यायची आणि मग सोडून जायचे, बरे दिसते का?" प्रश्न सोपा नव्हता. मी म्हणालो की ही बढती ३१ मार्चला संपलेल्या वर्षाच्या कामाची आहे, ते काम मी केलेले आहे. दुसरीकडे अजून फक्त मुलाखती झाल्या आहेत, हातात कागद नाही, तेवढ्यावर इथली बढती नाकारली तर उद्या दोन्हीकडून जाईन. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग जे पुढच्या कामासाठी देतील ते घेऊ नकोस." हा फरक मला पटला. त्याच महिन्यात साहेबांनी एका प्रशिक्षणासाठी माझे नाव सुचवले, त्याला दीड वर्षाचा बाँड होता. या वर्षी दुसऱ्या कुणाला पाठवा, असे मी सांगितले.

चौथ्या दिवशी एचआर मॅडमचा फोन आला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिला अपेक्षित होता, मग आता का बदलता. मेलमध्ये लिहिले तेच सांगितले, एक शब्दही जास्त नाही. दुसरा माझ्या लक्षात आला नव्हता. त्यांच्याकडची जागा असिस्टंट मॅनेजरचीच होती. फेब्रुवारीत ती माझ्यासाठी एक पायरी वर होती, आता ती बरोबरीची झाली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आता वरची पातळी हवी असेल तर ती या जागेत नाही." मी म्हणालो की पातळी तीच चालेल, काम तेच हवे. तिसरा प्रश्न नोटीस पीरियडचा. ९० दिवसांत काही कमी होईल का? कमी होईल असे वचन मी दिले नाही. नोटीस माफ करणे किंवा तिचे पैसे घेऊन आधी सोडणे हे जुन्या कंपनीच्या मर्जीवर असते. पूर्ण ९० दिवस धरून चला, आधी सोडले तर कळवीन, एवढेच सांगितले. मग त्यांनीच अपेक्षेचा विषय काढला. मी एकूण आकड्याऐवजी निश्चित भागाबद्दल बोललो, की तो सध्याच्या ९,३८,४०० पेक्षा ठळकपणे जास्त असावा.

त्यानंतर नऊ दिवस काही निरोप नव्हता. अशा वेळी रोज विचारणा करणे हा उत्साह नसतो, समोरच्याला तो दबाव वाटतो. पगाराची मर्यादा ओलांडायची असेल तर आतल्या मंजुऱ्या घ्याव्या लागतात, त्याला वेळ जातो. आठवड्यानंतर मी एक ओळीचा मेल केला, एप्रिलची स्लिप आली आहे, हवी असल्यास पाठवतो. त्यात आठवणही होती आणि कामही.

६ मेला ऑफर आली. एकूण १२,४०,०००, त्यात निश्चित ११,१६,०००. ७ मेला राजीनामा दिला, ९० दिवस पूर्ण मोजले गेले, ५ ऑगस्टला चाकणची बस शेवटची पकडली. साहेब नाराज झाले, पण बाँडच्या प्रशिक्षणाची गोष्ट त्यांना आठवली आणि ते आपणहून बोलूनही गेले.

हे असेच घडेल असे नाही. कंपनीची मर्यादा बारा लाखांचीच असती, तर मेल वाचून त्यांनी दुसरा उमेदवार निवडला असता. माणूस ६० दिवसांत हवाच असता, तर फोनही आला नसता. तसे झाले असते तरी ते एप्रिलमध्ये झाले असते, माझ्या हातात जुनी नोकरी आणि नवे पद असताना. न सांगता पुढे गेलो असतो तर हीच अडचण राजीनामा दिल्यानंतर समोर आली असती आणि तेव्हा मागे फिरायला जागा नसती. रिक्रूटरला बढती कळवावी ती तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. नकार येणारच असेल, तर तो पायाखाली जमीन असताना यावा, म्हणून.